पाकळी नेमकी किती धूसर करायची?

समारंभाच्या फोटोत मागाहून टाकलेल्या पाकळ्या बहुतेक वेळा चिकटवल्यासारख्या दिसतात. त्या लहान-मोठ्या केलेल्या असतात, थोड्या धूसरही असतात, पण आकाराचा धूसरपणाशी मेळ बसत नाही. हा मेळ शाळेतले समरूप त्रिकोण बसवून देतात.

समजा, 50 मिमीची लेन्स f/2 वर आहे. म्हणजे तिचं छिद्र, अर्थात अ‍ॅपर्चर, 50 ÷ 2 = 25 मिमी. चेहरा 2 मीटरवर, अगदी स्पष्ट. पाकळीचा प्रत्येक बिंदू फोटोत चकती होऊन पसरतो. चेहऱ्याच्या अंतरावर मोजल्यास त्या चकतीचा व्यास असा निघतो:

```
चकती = अ‍ॅपर्चर × (पाकळी ते चेहरा) ÷ (कॅमेरा ते पाकळी)
```

2 सेंटिमीटरची पाकळी कॅमेऱ्यापासून 1 मीटरवर असेल, तर ती चेहऱ्याशेजारी 4 सेंटिमीटरची दिसते आणि चकती 2.5 सेंटिमीटरची होते. अर्ध्या मीटरवर तीच पाकळी 8 सेंटिमीटरची दिसते, चकती 7.5 ची. तिथे पाकळीचा आकार ओळखू येत नाही, नुसता रंगाचा पातळ डाग उरतो आणि कडांतून मागचं दिसतं. आता चेहऱ्यामागे, 4 मीटरवर जाऊ. पाकळी 1 सेंटिमीटरची, चकती 1.25 ची. आणखी कितीही मागे गेलं तरी चकती अ‍ॅपर्चरपेक्षा, म्हणजे 2.5 सेंटिमीटरपेक्षा, मोठी होत नाही. पुढच्या बाजूला अशी मर्यादाच नाही. म्हणून पुढच्या-मागच्या पाकळ्यांना सारखाच धूसरपणा दिला की डोळ्याला खटकतं.

अ‍ॅपर्चर माहीत नसेल तर फोटोतच शोधावं. खूप लांबच्या दिव्यांची चकती चेहऱ्याच्या रुंदीच्या सहाव्या भागाएवढी असेल, तर चेहरा साधारण 15 सेंटिमीटर धरून अ‍ॅपर्चर 2.5 सेंटिमीटर. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचं खरं अ‍ॅपर्चर जेमतेम 3-4 मिमी असतं. त्याच्या साध्या फोटोत पार्श्वभूमी बऱ्यापैकी स्पष्ट असते. तिथे मोठाले धूसर गोळे टाकले की लबाडी लगेच कळते.

पिक्सेलमध्ये आणायचं तर चेहरा 300 पिक्सेल रुंद असल्यास 1 सेंटिमीटर म्हणजे 20 पिक्सेल. 1 मीटरवरच्या पाकळीची चकती मग 50 पिक्सेलची. ब्लरच्या खिडकीत बहुधा त्रिज्या मागतात, तेव्हा 25 भरावे. आणि तो Gaussian Blur नको, Lens Blur हवा: पहिल्यात रंग मध्यापासून विरत जातो, खऱ्या लेन्सची चकती मात्र कडेपर्यंत जवळपास सारखी भरलेली असते. पाकळी पारदर्शक थरावर ठेवून मगच धूसर करावी. चेहऱ्यामागच्या पाकळ्या माणसाच्या कडेशी मास्कने कापाव्यात, तेही धूसर केल्यानंतर.

चमचमत्या ठिपक्यांना मात्र हा मार्ग चालत नाही. एकूण 9 पिक्सेलांचा पांढराशुभ्र ठिपका 50 पिक्सेल व्यासाच्या चकतीत पसरला की त्याचा प्रकाश सुमारे 2000 पिक्सेलांत वाटला जातो आणि ठिपका दिसेनासाच होतो. खरी चमक पांढऱ्याच्या कितीतरी पट उजळ असते, पण नेहमीच्या 8-बिट फाइलमध्ये पांढरा म्हणजे 255, आणि त्याच्या वर आकडा नाही. त्यामुळे तिथे धूसर करत बसू नये. हव्या त्या व्यासाची फिकट चकती थेट काढावी आणि थराला Screen मोड द्यावा.