2PC की 30K: सामानाच्या दोन हिशोबांची पार्श्वभूमी

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून दुबईला निघालेल्याच्या तिकिटावर सामानापुढे 30K असं काहीतरी असतं आणि अमेरिकेला निघालेल्याच्या तिकिटावर 2PC. घोळ सगळा इथूनच सुरू होतो. K म्हणजे एकूण किलो, PC म्हणजे नग. नगाच्या हिशोबात इकॉनॉमीला साधारण प्रत्येक बॅग 23 किलोपर्यंत आणि लांबी-रुंदी-उंचीची बेरीज 158 सेंटीमीटरच्या आत, आणि मुख्य म्हणजे एका बॅगेत उरलेली जागा दुसरीला देता येत नाही. भाचीला सोडायला मुंबईला गेलो होतो तेव्हा तिची एक बॅग 26 भरली आणि दुसरी 19, बेरीज 45 म्हणजे 46 च्या आतच, तरी काउंटरवर पहिली बॅग ओव्हरवेट ठरली. मग तिथेच फरशीवर बॅगा उघडून कुकर आणि डिंकाच्या लाडवांचा डबा इकडून तिकडे. एकूण किलोंचा हिशोब असता तर कुणी विचारलंही नसतं.

मुळात जुना हिशोब वजनाचाच होता. विमानं छोटी, प्रत्येक किलोचा इंधनाशी थेट संबंध. इकॉनॉमीला 20 किलो, फर्स्ट क्लासला 30, आणि वर जाईल त्या प्रत्येक किलोला फर्स्ट क्लासच्या एकेरी भाड्याच्या 1 टक्का. 1970 मध्ये जम्बो जेट आलं आणि गणित फिरलं, कारण पोटात कंटेनर बसायला लागले, वजनाआधी जागा संपायला लागली, शिवाय एकेका विमानाची शेकडो माणसं काउंटरवर, प्रत्येकाच्या किलोंची बेरीज करत बसणं परवडेना. म्हणून सत्तरच्या दशकात अमेरिका-कॅनडाच्या रूटवर नग मोजायला सुरुवात झाली. तेव्हा दोन बॅगा 32-32 किलोच्या मिळायच्या, 2000 नंतरच्या दशकात इकॉनॉमीला त्या 23 वर आल्या. 32 चा आकडा अजून आहे पण तो वेगळ्या कारणाने, एक बॅग त्याहून जड नको, उचलणाऱ्या लोडरच्या पाठीचा प्रश्न आहे. 2008 ला तर एका मोठ्या अमेरिकन कंपनीने देशातल्या देशात पहिल्याच बॅगेला 15 डॉलर लावले.

पण खरा गुंता झाला एका प्रवासात दोन-तीन कंपन्या आल्यावर. एकीचे किलो, दुसरीचे नग, मग चालणार कुणाचं? 2011 पासून विमान कंपन्यांच्या संघटनेने यासाठी 'मोस्ट सिग्निफिकंट कॅरियर' ही भानगड काढली. नाव ऐकून वाटतं की जी सगळ्यात लांब उडवते ती, पण तसं अजिबात नाही! जगाचे तीन भाग पाडलेत: अमेरिका खंड एक, युरोप, आफ्रिका आणि मध्यपूर्व दोन, आशियाचा बाकी भाग आणि ऑस्ट्रेलिया तीन. एका भागातून दुसऱ्यात नेणारी पहिली फ्लाइट ज्या कंपनीची, तिचा नियम त्या बाजूच्या पूर्ण प्रवासाला. आता पुणे-दुबई-मँचेस्टर एकाच तिकिटावर घ्या. आपण तीनमध्ये, दुबई आणि मँचेस्टर दोन्ही दोनमध्ये. म्हणजे भाग बदलतो तो पुणे-दुबईलाच, मग पुढचा अडीच पटीहून लांब टप्पा दुसऱ्या कंपनीचा असला तरी नियम पुणे-दुबईवालीचा. कोडशेअर असेल, म्हणजे एका कंपनीची फ्लाइट दुसरीच्या कोडवर विकलेली असेल, तर अजून पोटनियम.

अमेरिकेने हे जसंच्या तसं घेतलं नाही. 2012 पासून तिथे सुरू होणाऱ्या किंवा संपणाऱ्या प्रवासाला पहिल्या टप्प्याचं तिकीट ज्या कंपनीच्या कोडवर विकलंय ती मुख्य, स्वतःचा नियम लावायचा की मोस्ट सिग्निफिकंटचा हे तिनेच ठरवायचं, आणि जो ठरेल तोच येतानाही. मला हे जास्त बरोबर वाटतं, निदान जाताना दोन बॅगा आणि येताना वेगळाच हिशोब असं होत नाही.

यात एक मेख आहे, हे सगळं एकाच तिकिटावर असेल तरच. पुणे-दिल्ली-न्यूयॉर्क एका तिकिटावर असेल तर लोहगावलाही दोन बॅगा 23-23 च्या चालतात. तेच पुणे-दिल्ली स्वस्त मिळालं म्हणून वेगळं काढलं की त्या टप्प्याला देशांतर्गत 15 किलो, म्हणजे 46 मधले 31 किलो जास्तीचे, किलोला पाचशे धरले तरी साडेपंधरा हजार. वेगळं तिकीट काढून वाचवलेले दोन-तीन हजार तिथेच गेले. तेव्हा पीएनआर एक आहे का एवढ्यावर जाऊ नका, एजंट दोन तिकिटं एका बुकिंगमध्येही ठेवतो, तिकीट नंबर बघा आणि प्रत्येक टप्प्यापुढचा PC किंवा K चा कॉलम बघा. पहिल्या टप्प्यापुढे 15K आणि दुसऱ्यापुढे 2PC दिसलं तर पुण्यातूनच सामान कमी करून निघावं लागेल.