परतावा वक्र

एकाच सरकारच्या वेगवेगळ्या मुदतींच्या रोख्यांवर एखाद्या दिवशी मिळणारा परतावा आलेखावर मांडला, की तयार होणाऱ्या रेषेला परतावा वक्र किंवा यील्ड कर्व्ह म्हणतात. ही रेषा बहुधा मुदतीबरोबर चढत जाते. कधी ती सपाट होते, कधी मधल्या मुदतींवर तिला उंचवटा येतो आणि क्वचित ती उतरती होते. या उतरत्या रेषेलाच ‘उलटा वक्र’ म्हणतात.

अपेक्षा सिद्धांतानुसार दीर्घ मुदतीचा दर हा आजच्या आणि पुढच्या अल्पमुदती दरांची सरासरी असतो. समजा, एक वर्षाच्या रोख्यावर ६ टक्के आणि दोन वर्षांच्या रोख्यावर वार्षिक ५.५ टक्के मिळतात. दोन वर्षांच्या रोख्यात १०० रुपयांचे सुमारे १११.३० रुपये होतात. एक वर्षाच्या रोख्यात वर्षअखेर १०६ रुपये हाती येतात. त्यांचे पुढच्या वर्षी १११.३० व्हायचे तर दर ५ टक्के हवा. म्हणजे वर्षभरात दर एका टक्क्याने उतरतील, असे बाजार धरून चालला आहे.

रोखता पसंती सिद्धांत इथे एक दुरुस्ती सुचवतो. जॉन हिक्स यांनी १९३९ मध्ये मांडलेल्या विचारानुसार, पैसा दीर्घकाळ अडकवणारा त्या जोखमीचा मोबदला मागतो. वरच्या ५ टक्क्यांत असा ०.३ टक्का मोबदला असेल, तर खरी अपेक्षा ४.७ टक्क्यांचीच उरते. हा मोबदला रेषेला वर ओढतो, म्हणून दर स्थिर राहतील असे वाटत असतानाही वक्र चढताच दिसतो. तो उलटा व्हायला दरकपातीची अपेक्षा बरीच ठाम असावी लागते.

मध्यवर्ती बँक दर बहुधा अर्थव्यवस्था मंदावू लागली की उतरवते. उलट्या वक्रातून मंदीचा अंदाज बांधला जातो तो यामुळे. कॅम्पबेल हार्वे यांनी १९८६ च्या प्रबंधात हा वक्र आणि पुढील वाढ यांचा संबंध दाखवला. अमेरिकेत २००६ मध्ये वक्र उलटला आणि डिसेंबर २००७ मध्ये मंदी सुरू झाली. मंदी नेमकी कधी येणार, हे मात्र वक्र सांगत नाही. १९६६ मध्ये वक्र उलटूनही वाढ फक्त मंदावली. २०१९ च्या उलट्या वक्रानंतर २०२० मध्ये मंदी आली खरी, पण ती महासाथीमुळे. तिचे श्रेय वक्राला देणे जरा धाडसाचेच.

२०२२ मध्ये अमेरिकेचा वक्र पुन्हा उलटला आणि २०२४ पर्यंत तसाच राहिला, तरी त्या काळात मंदी आली नाही. याची दोन कारणे संभवतात. मध्यवर्ती बँकेने आधीच्या वर्षांत दीर्घ मुदतीचे रोखे मोठ्या प्रमाणात विकत घेतल्याने मुदतीचा मोबदला आक्रसला होता. त्यामुळे दरकपातीच्या माफक अपेक्षेनेही रेषा उलटू शकत होती. शिवाय कपातीची ती अपेक्षा मंदीपेक्षा महागाई ओसरण्यावर बेतलेली असू शकते. वक्राचा आकार दोन्ही बाबतींत सारखाच दिसतो.