केरळचं कोडं आणि एक नवा निर्देशांक

1934 साली सायमन कुझनेट्स यांनी अमेरिकी सिनेटला देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा पहिला तपशीलवार हिशेब दिला आणि त्यातच बजावलं, की या आकड्यावरून लोकांचं बरं चाललंय की नाही हे ठरवता येणार नाही. तो इशारा बाजूला राहिला. पुढची काही दशकं दरडोई उत्पन्न वाढलं की विकास झाला, असंच धरून चालत होते.

भारतात या समजुतीला मोठा तडा गेला तो केरळमुळे. 1975 साली तिरुवनंतपुरमच्या ‘सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज’ने संयुक्त राष्ट्रांसाठी केरळचा अभ्यास केला. केरळचं दरडोई उत्पन्न तेव्हा देशाच्या सरासरीहूनही कमी होतं. पण 1971 च्या सुमारास देशात जन्मलेल्या हजार बाळांपैकी सुमारे 130 बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती, तर केरळात हा आकडा साठच्या आसपास होता.

याची मुळं जुनी होती. शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा, असं फर्मान त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वतीबाईंनी 1817 मध्येच काढलं होतं. पुढे गावाजवळचे दवाखाने आले, रेशन दुकानं आली. आई शिकलेली असेल तर ती तापलेल्या पोराला घेऊन वेळेत दवाखाना गाठते, आणि दवाखाना चालण्याच्या अंतरावर असेल तर खिशात फारसे पैसे नसले तरी निभावतं. दरडोई उत्पन्नात यातलं जवळजवळ काहीच दिसत नाही.

पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांना हे एकाच आकड्यात बसवायचं होतं. त्यांचे कॉलेजपासूनचे मित्र अमर्त्य सेन आधी कुरकुरले: माणसाचं जगणं एका आकड्यात कसं मावणार? हक यांचं म्हणणं, दरडोई उत्पन्नाला हटवायचं तर तितकाच ढोबळ आकडा लागेल. त्यातून 1990 साली मानव विकास निर्देशांक आला: आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न.

खरी खुबी उत्पन्नाच्या हिशेबात आहे. तिथे लॉगॅरिदम वापरतात, म्हणजे उत्पन्न किती डॉलरने नाही तर किती पटीने वाढलं ते धरतात. आजच्या पद्धतीत वार्षिक दरडोई उत्पन्न 1,000 डॉलरचं 2,000 झालं, तर उत्पन्नाच्या घटकात जेवढी भर पडते तेवढीच 20,000 चे 40,000 झाल्यावर पडते. गरिबाच्या हाती आलेला रुपया जास्त मोलाचा, हे गणितातच धरलेलं आहे.

तरी हीसुद्धा सरासरीच. 2002 च्या महाराष्ट्र मानव विकास अहवालात मुंबई सर्वांत वर होती आणि गडचिरोली तळाला. राज्याच्या एकाच आकड्यात दोन्ही मिसळून गेलेली. म्हणून 2010 पासून संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात विषमतेची वजावट केलेला निर्देशांकही वेगळा देतात. केरळचं म्हणाल, तर शिकलेल्या पोरांना तिथे पुरेसं काम मिळालं नाही. ती आखातात गेली आणि तिथून पाठवलेल्या पैशावर घरं उभी राहिली.