स्टॅबिलायझरची टकटक आणि आउटपुट कटऑफ

घरगुती रिले स्टॅबिलायझर व्होल्टेज सावरताना ‘टक्’ असा आवाज करतो. हा आवाज पुन्हापुन्हा येणे आणि मधूनच आउटपुट बंद पडणे ही त्याची सर्वांत नेहमीची तक्रार आहे. प्रत्येक वेळी दोष स्टॅबिलायझरचाच असतो असे मात्र नाही. दोन आवाजांमध्ये किती वेळ जातो, यावरून निदानाची दिशा बरीचशी ठरते.

आतला ऑटोट्रान्सफॉर्मर म्हणजे एकच गुंडाळी. तिच्यातून मधेमधे तारा बाहेर काढलेल्या असतात, त्यांना टॅप म्हणतात. इनपुट घसरले की कंट्रोल कार्ड रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, ओढून व्होल्टेज वाढवणारा टॅप जोडते, इनपुट चढले की कमी करणारा. म्हणजे आउटपुट पायऱ्यापायऱ्यांनी बदलते आणि प्रत्येक पायरीला एक ‘टक्’ ठरलेला. संध्याकाळी गावभर दिवे लागताना असे चार-दोन आवाज आले तर यंत्र आपले काम करत आहे इतकेच.

टॅप बदलण्याची आणि परत येण्याची पातळी मुद्दाम वेगळी ठेवतात. समजा १९५ व्होल्टच्या खाली वाढीचा टॅप लागतो, तर तो २०३ च्या वर गेल्याशिवाय सुटत नाही. हे अंतर नसेल किंवा कार्डावरचा पातळी ठरवणारा प्रीसेट सरकून ते फार कमी झाले असेल, तर लाइन १९४ ते १९६ मध्ये खेळत असताना दर काही सेकंदांनी टकटक सुरू राहते. याहून वेगळा आवाज म्हणजे सलग ‘टर्रर्र’. त्यामागे पुष्कळदा कंट्रोल कार्डाच्या सप्लायमधला सुकलेला कपॅसिटर असतो. रिले ओढला की त्या सप्लायचे व्होल्टेज बसते, रिले सुटतो, व्होल्टेज सावरते, रिले पुन्हा ओढला जातो. कपॅसिटर काही रुपयांचा असतो, पण दुर्लक्ष केले तर ठिणग्यांनी रिलेचे काँटॅक्ट जळतात.

आवाज साधारण तीन-तीन मिनिटांच्या अंतराने येत असेल आणि प्रत्येक वेळी आउटपुट जात असेल, तर गोष्ट निराळी. फ्रिज किंवा एसीचा कॉम्प्रेसर बंद पडल्यावर गॅसचा दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हायला वेळ लागतो. त्याआधी वीज दिली तर मोटर अडकून जास्त करंट ओढते. म्हणून अशा स्टॅबिलायझरमध्ये आउटपुट परत देण्यापूर्वी सुमारे तीन मिनिटांचा डिले असतो. त्या काळात इनपुट ठीक दिसते आणि आउटपुट शून्य. अनेकांना हाच बिघाड वाटतो.

एक उदाहरण हिशेबाने पाहू. खांबापासून ९० मीटर आत असलेल्या वाडीतल्या घराला २.५ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार आहे. जाऊन-येऊन १८० मीटरचा रोध साधारण २ ओहम होतो. एसी बंद असताना इनपुट १७८ व्होल्ट. स्टॅबिलायझर १.३ पटीचा टॅप लावून २३१ देतो. एसी ८ अँपिअर घेतो, पण टॅपमुळे लाइनमधून १.३ पट, म्हणजे १०.४ अँपिअर ओढले जातात. तारेतच जवळपास २१ व्होल्ट पडतात आणि इनपुट १५७ वर येते. लो कटऑफ, म्हणजे आउटपुट तोडण्याची खालची मर्यादा, १६० ला असेल, तर ‘टक्’, आउटपुट बंद. भार जाताच इनपुट परत १७८. तीन मिनिटांनी तोच खेळ. इथे तसाच नवा स्टॅबिलायझर आणला तरी फरक पडणार नाही. तार १० चौरस मिलिमीटरची केली तर घट पाचेक व्होल्टवर येते आणि इनपुट १७२ च्या आसपास टिकते. खात्री करायची तर मल्टिमीटर इनपुटवर लावून कटऑफच्या क्षणी आकडा पाहावा. डिस्प्लेचा आकडा त्या गडबडीत मागे राहतो.

हाय कटऑफची कथा उलटी. इनपुट व्होल्टेज कमी करणाऱ्या टॅपच्याही आवाक्याबाहेर गेले की आउटपुट तोडणे हेच बरोबर. पण इनपुट २२० असताना हाय कटऑफ येत असेल, तर वाढीच्या रिलेचा काँटॅक्ट चिकटल्याचा संशय घ्यावा. रात्री लागलेला १.२ पटीचा टॅप पहाटे व्होल्टेज सुधारल्यावरही सुटत नाही आणि आउटपुट २६४ वर जाते. आउटपुट मोजणारे कार्ड हे पकडते. काही स्वस्त स्टॅबिलायझर फक्त इनपुट मोजतात. त्यांना हा दोष दिसतच नाही आणि ते २६४ व्होल्ट निमूटपणे फ्रिजला देत राहतात. चिकटलेला रिले ठोकून सुटतो खरा, पण बदललेला बरा.

इनपुटच ३०० च्या पुढे दिसत असेल किंवा घरातले दिवे एकाएकी प्रखर झाले असतील, तर न्यूट्रल तुटला असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी बायपासचा स्विच दाबून एसी चालवायचा मोह टाळावा, मेन स्विच बंद करावा आणि लाइनमनला बोलवावे.