बगळ्याची गोष्ट कोण कोणाला सांगतो?

बगळा आणि खेकडा ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. म्हातारा बगळा तळ्याकाठी रडत बसतो, बारा वर्षांचा दुष्काळ पडणार म्हणून माशांना घाबरवतो, दुसऱ्या तळ्यात नेतो असं सांगून एकेकाला खडकावर नेऊन खातो. शेवटी खेकड्याला हाडांचा ढीग दिसतो आणि तो बगळ्याची मान नांगीत पकडून तोडतो. बहुतेक बालपुस्तकांत ही गोष्ट इथे संपते आणि खाली तात्पर्य छापलेलं असतं. ती कोणी कोणाला, कशासाठी सांगितली, ते मात्र गळून गेलेलं असतं. माझ्या मते पंचतंत्रातली खरी करामत तिथेच आहे.

मूळ ग्रंथात ही गोष्ट चौथ्या थरावर येते. सगळ्यात बाहेर विष्णुशर्मा आहे. अमरशक्ती राजाच्या तीन मठ्ठ मुलांना सहा महिन्यांत राजनीती शिकवण्याचं त्यानं कबूल केलंय. तो त्यांना पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांच्या मैत्रीची गोष्ट सांगतो. त्या गोष्टीत दमनक आणि करटक हे दोन कोल्हे आहेत. सिंह-बैलाची मैत्री तोडायचा बेत दमनक आखतो, पण एवढ्या बलाढ्यांपुढे तुझं काय चालणार, अशी करटकाला शंका येते. त्यावर दमनक म्हणतो की जे बळानं होत नाही ते युक्तीनं होतं, कावळीनं सोन्याच्या साखळीनं काळसर्प मारलाच ना! करटक विचारतो, ‘कथमेतत्?’, म्हणजे ते कसं?

‘कथमेतत्’ हा या रचनेचा दरवाजा. आधी एक श्लोक येतो, त्यात न सांगितलेल्या गोष्टीचा शेवट ओझरता दिसतो, ऐकणारा विचारतो आणि कथा आत शिरते. कावळीची पिल्लं साप खातो, म्हणून कावळा-कावळी आपल्या मित्राकडे, एका कोल्ह्याकडे, सल्ला मागायला जातात. तो धीर देताना एका हावरट बगळ्याचा उल्लेख करतो. पुन्हा ‘कथमेतत्’, आणि आपण तळ्याकाठी पोचतो.

बाहेर पडायलाही खूण आहे. बगळा मेला की कोल्हा ‘अतोऽहं ब्रवीमि’, म्हणून मी म्हणतो, असं म्हणत मघाचा श्लोक पुन्हा धरतो. मग कावळी साखळी उचलून सापाच्या बिळात टाकते, शोधत आलेली माणसं सापाला मारतात, आणि दमनक आपला श्लोक पुन्हा म्हणून करटकासमोर परततो. एकच श्लोक कंस उघडतो आणि तोच मिटतो. डोळ्यांसमोर पान नसलेल्या श्रोत्यालाही आपण कुठल्या थरावर आहोत ते कळतं. बालपुस्तकात हे दोन्ही कंस काढले की गोष्ट सुटी होते आणि तात्पर्य वेगळं चिकटवावं लागतं.

आता तीच गोष्ट प्रत्येक थरावर ऐकून पाहा. कावळ्यांना तिच्यातून आशा मिळते, की दुष्टाचाही अंत होतो. दमनकाला ती युक्तीच्या बाजूचा पुरावा वाटते. बाहेर बसलेल्या राजपुत्रांना मात्र काही वेगळंच दिसू शकतं. खोटी भीती घालून विश्वास मिळवणारा आणि त्याच विश्वासावर जीव घेणारा बगळा हुबेहूब दमनकासारखा आहे. पुढे दमनक तेच करतो, सिंहाला बैलाची आणि बैलाला सिंहाची भीती घालतो. आपल्याच कपटाची गोष्ट तो आपल्याच तोंडानं सांगतोय आणि त्याला त्याचा पत्ता नाही. सुट्या गोष्टीला हे साधत नाही. त्यासाठी सांगणाराही गोष्टीत हवा.

या चौकटीची एक कमजोरीही आहे. दरवाजा इतका सोपा असल्यानं नव्या गोष्टी कुणालाही आत सोडता येतात. 1199 मध्ये पूर्णभद्र या जैन मुनीनं केलेल्या संस्करणात अशा वाढीव गोष्टी आहेत. सैल बसलेली गोष्ट ओळखायची एक कसोटी मी वापरतो. ती काढून टाकल्यावर ऐकणाऱ्याच्या निर्णयात काहीच फरक पडत नसेल, तर ती बहुधा फक्त रंजनासाठी आत आली आहे.

संस्कृतात बगळ्याला शिक्षा होते, दमनकाला नाही. बैल मारला जातो, सिंह हळहळतो, दमनक त्याची समजूत घालतो आणि मंत्री होऊन बसतो. निवाडा आतल्या गोष्टीत होऊन गेलेला असतो, बाहेरची गोष्ट त्याबद्दल गप्प राहते. हे मौन पुढच्या एका सांगणाऱ्याला पेललं नाही. सहाव्या शतकात पंचतंत्र पहलवी भाषेत गेलं आणि आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फानं ते अरबीत आणलं. त्या ‘कलीला व दिम्ना’त (ही करटक-दमनकाचीच नावं) एक नवं प्रकरण आहे आणि अभ्यासक ते साधारणपणे त्याचंच मानतात. त्यात दिम्नावर खटला चालतो, साक्षी होतात आणि त्याला मृत्युदंड मिळतो.