दुधाच्या पावतीचा फोटो त्याच दिवशी का पाठवावा

डेअरीला दूध घालणाऱ्यांच्या पावत्या टाइप करून आम्ही महिन्याचा तक्ता करून देतो. दर महिन्याच्या दोन-तीन तारखेला आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर साठ पावत्यांचे चार फोटो येऊन पडतात. पडवीत चटईवर पावत्या मांडायच्या आणि उभ्याने फोटो मारायचा. खाली निरोप: "उद्या तक्ता द्या." तक्ता देतोच, पण निम्म्या पावत्या पुन्हा विचाराव्या लागतात आणि उशीर आमच्या नावावर लागतो.

संकलन केंद्राच्या मशीनमधून निघणाऱ्या पावतीवर शाई नसते. कागदच उष्णतेने काळा पडून आकडे उमटतात. म्हणून चुलीवरच्या फळीवर ती काळवंडते, आणि घामाच्या खिशात किंवा उन्हात पुसट होते. एकाने जपून ठेवायला म्हणून लॅमिनेट करून आणल्या, तर सगळ्या काळ्याकुट्ट!

परवाचीच एक पावती घ्या. लिटर 6.4 की 8.4, काही कळेना. दर 34.60 आणि रक्कम 221.44 मात्र स्पष्ट होती. 8.4 ला 34.60 ने गुणले तर 290.64 येतात, 6.4 ला गुणले की बरोबर 221.44. म्हणजे 6.4. हा गुणाकार आम्ही प्रत्येक ओळीला करतो. "आकडे टायपायला इतका वेळ?" असे विचारणाऱ्यांना उत्तर हेच.

फॅट मात्र या गुणाकारातून निघत नाही. ती पुसली तर एसएनएफ आणि दर धरून डेअरीच्या दरपत्रकात उलटे शोधावे लागते. त्यासाठी त्या तारखेला लागू असलेले दरपत्रकच हवे, आणि गाय-म्हैस वेगळे. दर बदलला की नव्या पत्रकाचाही फोटो पाठवा. एसएनएफ आणि फॅट दोन्ही गेले, तर आम्ही अंदाजाने भरत नाही. रकाना पिवळा करून कोरा ठेवतो.

तेव्हा दूध घालून आलात की पावती सपाट ठेवा, एका फोटोत एकच घ्या आणि तारीख व सकाळ-संध्याकाळ दिसते का ते बघा. संध्याकाळची पावती सकाळच्या रकान्यात गेली, तर बेरीज जुळते पण वेळवार हिशोब फसतो. सकाळी दूध जास्त आणि फॅट कमी, संध्याकाळी उलट, असे बहुतेकांचे असते. म्हणून सरासरी फॅटही आम्ही लिटरच्या वजनाने काढतो. सकाळी 6 लिटर 4.0 ने आणि संध्याकाळी 2 लिटर 5.0 ने घातले, तर सरासरी 4.5 नव्हे, 4.25.

पावत्यांची बेरीज आणि हातात आलेले पैसे यांत फरक दिसला की आधी आम्हाला फोन येतो. पेंडीचे पैसे, उचल, वर्गणी डेअरी बिलातून कापते. बिलाचा फोटो दिलात तर कपातीचा रकाना आम्ही वेगळा भरून देतो, त्याचे जादा पैसे नाहीत. रोजच्या रोज फोटो येणाऱ्यांचा तक्ता एक तारखेलाच तयार असतो. मूळ पावत्या मात्र बिल जुळेपर्यंत वहीत दाबून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको.