कोंबडीच्या छातीतलं पातं

सातवीच्या चाचणीत एका मुलीनं लिहिलं होतं, "शहामृगाने उडणे सोडले म्हणून त्याचे पंख लहान झाले. पेंग्विनचेही तसेच झाले." बेळगावातल्या मराठी शाळांत मी बरीच वर्षं विज्ञान शिकवतो आणि हे उत्तर दर वर्षी वाचतो. मोठी माणसंही तेच सांगतात. म्हणून त्या रविवारी चिकन घेताना मी छातीचं हाड अख्खं मागून घेतलं. "काय करतासा सर हे नुसतं हाड घेऊन?" दुकानदारानं विचारलं. वर्गात दाखवणार म्हटल्यावर त्यानं ते नीट साफ करून दिलं.

हे हाड हातात घेतलं की मधोमध एक उभं पातं दिसतं, नांगराच्या फाळासारखं. त्याच्या दोन्ही बाजूंना छातीचं पांढरं मांस चिकटलेलं असतं. पंख ओढणारे स्नायू या पात्यालाच धरून असतात. उडणाऱ्या पक्ष्याच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा या स्नायूंचा असतो. इतक्या ताकदीच्या स्नायूंना पकडायला सपाट हाड पुरत नाही, उभी भिंतच लागते.

माझ्याकडे दुसरंही एक छातीचं हाड आहे, एमूचं. पंधराएक वर्षांपूर्वी आपल्याकडे एमूपालनाची लाट आली होती. एका पक्ष्यातून लाखो रुपये, त्याच्या तेलानं सांधेदुखी गायब, अशी आश्वासनं गावोगाव दिली गेली. खानापूर तालुक्यातल्या माझ्या एका नातेवाइकानं कर्ज काढून शेड बांधली. पक्षी विकत घ्यायला पुढे कुणीच आलं नाही. कर्ज फेडताना त्या घराचे झालेले हाल मी पाहिले आहेत, आणि तेलाच्या त्या दाव्यांना आधार नव्हता हे मला आजही ठासून सांगावंसं वाटतं. त्या शेडमध्ये मेलेल्या एका पक्ष्याचं हाड मी मागून आणलं. ते ढालीसारखं आहे, पातं अजिबात नाही. शहामृगाचंही असंच असतं.

आता त्या मुलीच्या उत्तराकडे येऊ. पंख वापरले नाहीत म्हणून ते आखडतात आणि पिल्लांत तसेच उतरतात, असं होत नाही. लोहाराच्या मुलाचे दंड जन्मतः पिळदार नसतात. खरं कारण खर्चाचं आहे. छातीचे स्नायू वाढवायला आणि पोसायला सतत अन्न लागतं. उडण्यावाचून जीव वाचत असेल, पोटही भरत असेल, तर ज्या पिल्लांत जन्मतःच हे स्नायू थोडे कमी आणि पाय थोडे भक्कम, ती त्याच अन्नात जास्त अंडी घालतात. हाच फरक हजारो पिढ्या साठत जातो. शिकारी प्राणी कमी असलेल्या बेटांवरच्या, अजून उडू शकणाऱ्या पक्ष्यांतही हा कल मोजून दिसला आहे. मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांपेक्षा त्यांचे छातीचे स्नायू लहान आणि पाय लांब असतात.

शहामृगाच्या बाबतीत छातीतून वाचलेला हा खर्च पायांत गेला. त्याचे जाडजूड स्नायू मांडीत, शरीराजवळ आहेत. खाली नुसतं हाड आणि लांब कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी चिवट दोरी. आपल्याला उलटा वाकलेला गुडघा वाटतो तो त्याचा घोटा असतो, खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. पाऊल पडलं की कंडरा रबरासारखी ताणली जाते आणि पाऊल उचलताना ती ताकद परत देते. पायाला बोटं दोनच, त्यातलं एकच मोठं. खालचा भाग हलका, म्हणून पाय झटकन पुढे येतो. शंभर किलोंवरचा हा पक्षी ताशी ७० किलोमीटरच्या आसपास वेग गाठतो. पंख गेलेले नाहीत. पळताना एकदम वळायला आणि तोल सावरायला तो ते पसरतो.

शहामृग आणि एमू यांनी उडणं एकदाच, एका पूर्वजात गमावलं असं पूर्वी मानत. पण दक्षिण अमेरिकेतला टिनामू हा उडणारा पक्षी डीएनए तपासल्यावर याच कुटुंबाच्या मधोमध सापडला. म्हणजे पूर्वज उडत होते आणि उडणं वेगवेगळ्या शाखांत वेगवेगळ्या वेळी गेलं, हेच जास्त जुळतं.

मग मुलं विचारतात, पेंग्विनचं हाडही सपाट असणार ना?

नाही. पेंग्विनच्या छातीवर चांगलं ठसठशीत पातं असतं. मला या विषयात सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट हीच. त्यासाठी पुन्हा कोंबडीकडे यावं लागेल. छातीचं मोठं मांस सोलून काढलं की खाली, हाडाला लागून, एक लहान लांबट पट्टी निघते. वरचा मोठा स्नायू पंख खाली ओढतो. खालची पट्टी पंख वर उचलते. छातीत खाली असलेला स्नायू पंख वर कसा उचलेल? त्याची कंडरा खांद्यातल्या तीन हाडांच्या मधल्या भोकातून वर जाते आणि दंडाच्या हाडाला वरच्या बाजूनं जोडली जाते. विहिरीच्या कप्पीवरून जाणाऱ्या दोरासारखं हे काम आहे. आपण दोर खाली ओढतो, घागर वर येते.

हवेत बहुतेक पक्ष्यांचा सगळा जोर पंख खाली मारण्यात असतो, वर आणणं तुलनेनं सोपं, म्हणून ही पट्टी लहान. पाणी मात्र हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन आहे. तिथे पंख वर आणायलाही झगडावं लागतं, पण त्या झगड्यातूनही पुढे ढकलणारा जोर मिळतो. म्हणून पेंग्विनमध्ये ही पट्टी चांगलीच जाडजूड झाली आहे. त्याचा पंख वर जाताना आणि खाली येताना, दोन्ही वेळा वल्ह्याचं काम करतो. कोपर आणि मनगट जवळजवळ घट्ट झालं आहे, हाडं चपटी आणि भरीव आहेत. पोकळ हाडांचा पक्षी पाण्यात बुचासारखा वर येईल, भरीव हाडांचा सहज खाली जातो. कोंबडीची तंगडी छातीपेक्षा गडद दिसते ती प्राणवायू धरून ठेवणाऱ्या मायोग्लोबिनमुळे. पेंग्विनच्या छातीचं मांस त्याच कारणानं कितीतरी गडद असतं. या साठ्याच्या बळावर सम्राट पेंग्विन एका दमात ५०० मीटरहून खोल जातो. म्हणून मी वर्गात सांगतो, शहामृगानं उडण्याचं यंत्र मोडीत काढलं, पेंग्विननं ते पाण्यासाठी नव्यानं घडवलं.

पण दोन्ही का जमू नये, हवेतही आणि पाण्यातही? याचं उत्तर उत्तर ध्रुवाकडच्या मर नावाच्या पक्ष्यांवरून मिळालं. ते दिसायला पेंग्विनसारखे, पंखांनी पाण्यात पोहतात आणि उडतातही. त्यांच्या अंगावर नोंद घेणारी लहान उपकरणं बसवून केलेल्या मोजणीचे निष्कर्ष २०१३ साली छापून आले. उडताना त्यांना स्वस्थ बसलेल्या वेळेच्या ३१ पट ऊर्जा लागते. पाण्यासाठी आखूड झालेला पंख हवेत जीव तोडून फडफडवावा लागतो. पंख आणखी आखूड केला तर बुडी स्वस्त होईल, पण उडणं परवडणारच नाही. पेंग्विनचे पूर्वज ही रेघ फार लवकर ओलांडून गेले. न्यूझीलंडमध्ये सापडलेला वायमानू नावाचा आद्य पेंग्विन सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीचा, डायनोसॉर संपल्यावर साधारण पन्नास लाख वर्षांनंतरचा, आणि तो उडत नव्हता. उडायचं नाही म्हटल्यावर वजनाची अडचणही उरली नाही. पुढे काही पेंग्विन माणसापेक्षा जड झाले.

मर मात्र अजून उडतो. उंच कड्यांवर, कोल्ह्यांच्या तोंडाबाहेर अंडी घालायची तर त्याला उडावंच लागतं. त्याच्याच कुळातल्या एका मोठ्या पक्ष्यानं, ग्रेट ऑकनं, ही रेघ ओलांडली होती. तो उत्तर अटलांटिकमधल्या निर्जन खडकाळ बेटांवर अंडी घालायचा. तिथे कोल्हे नव्हते. होड्यांतून माणसं आली तेव्हा त्याला बेटावरून उडून जाता आलं नाही. आइसलंडजवळच्या एल्डे बेटावर १८४४ साली शेवटची जोडी मारली गेली.